अनुदान कुठे दाखवायचे: उत्पन्नात की यंत्राच्या किमतीत?

डोंबिवली एमआयडीसीतला एक छोटा रसायन कारखाना डोळ्यांसमोर आणू. तो प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. एप्रिल २०१८मध्ये त्याने १ कोटींचे यंत्र घेतले. तेव्हा लघुउद्योगांसाठी केंद्राची कर्जाशी जोडलेली भांडवली अनुदान योजना चालू होती. पात्र यंत्राच्या किमतीवर १५ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त १५ लाख मिळत. सोयीसाठी धरू की अनुदान लगेच मंजूर झाले आणि यंत्राचे आयुष्य १० वर्षे आहे.

अशा कंपनीला लेखा मानक १२ लागू होते आणि ते दोन्ही वाटा खुल्या ठेवते. पहिल्या वाटेने यंत्र ८५ लाखांनाच नोंदवायचे आणि दरवर्षी साडेआठ लाख घसारा लावायचा. दुसऱ्या वाटेने यंत्र पूर्ण १ कोटीला नोंदवून १५ लाख ‘स्थगित उत्पन्न’ म्हणून ठेवायचे. मग घसारा १० लाख आणि दरवर्षी दीड लाख उत्पन्नात. निव्वळ नफा दोन्हीकडे सारखाच. फरक दिसतो तो घसाऱ्यापूर्वीच्या नफ्यात: दुसऱ्या वाटेने तो दीड लाखाने जास्त दिसू शकतो, म्हणून शेजारच्या दोन कारखान्यांची तुलना करण्याआधी लेखाधोरणाची टीप वाचायलाच हवी.

चूक मात्र वेगळीच होते. अनेकदा पूर्ण १५ लाख पहिल्याच वर्षी ‘इतर उत्पन्ना’त जमा होतात. त्या वर्षी नफा फुगतो, पुढची नऊ वर्षे घसाऱ्याचा पूर्ण भार राहतो. इतर उत्पन्न एकाच वर्षी उसळले आणि ताळेबंदात स्थगित उत्पन्न नाही, तर हीच शंका घ्यावी. प्राप्तिकर खात्याला या निवडीशी देणेघेणे नाही. करासाठी असे अनुदान यंत्राच्या किमतीतूनच वजा होते.

दोन वाटा खऱ्या वेगळ्या होतात त्या अनुदान परत करावे लागते तेव्हा. समजा, दोन वर्षांनी तपासणीत यंत्र योजनेच्या मंजूर तंत्रज्ञानात बसत नाही असे ठरले आणि १५ लाख परत मागितले. स्थगित उत्पन्नात तेव्हा १२ लाख उरलेले असतात. ते वळते करून उरलेले ३ लाख त्याच वर्षी खर्चात जातात. किंमत वजा केलेल्या कंपनीत यंत्र ६८ लाखांवर आलेले असते. त्यात १५ लाख मिळवून ८३ लाख होतात आणि उरलेल्या आठ वर्षांत दरवर्षी सुमारे १० लाख ३८ हजार घसारा लागतो. म्हणजे एकीकडे फटका आज बसतो, दुसरीकडे तो आठ वर्षांत पसरतो. हा फरक मला खटकतो, कारण चूक एकच आणि पैसेही तेवढेच आहेत.

मोठ्या कंपन्यांच्या इंड एएस २०मध्ये किंमत वजा करण्याची वाट सप्टेंबर २०१८मध्येच खुली झाली. पण तिथे परतफेडीच्या वेळी मागचा राहिलेला घसारा, आपल्या उदाहरणात ३ लाख, लगेच खर्चात घ्यावा लागतो. त्यामुळे तिथे दोन्ही वाटांनी उत्तर एकच येते.