‘व’, ‘ना’ आणि ‘वेळेवर’

तळोदा तालुक्यातील मजूर कुटुंबांसाठी केलेल्या प्रश्नावलीच्या मसुद्यात ‘रोजगार हमीचे काम व मजुरी वेळेवर मिळते ना?’ असा प्रश्न आहे, असे समजू. ज्याला काम मिळाले परंतु मजुरी रखडली, त्याने ‘होय’ म्हणावे की ‘नाही’, हा पेच त्या ‘व’ने निर्माण केला आहे, आणि अखेरचा ‘ना’, विशेषतः विचारणारा सरकारी इसम भासल्यास, होकार जवळजवळ वदवूनच घेतो. 2005च्या रोजगार हमी कायद्यात ‘वेळेवर’चा अर्थ हजेरीपट बंद झाल्यापासून पंधरा दिवसांत असा होता. मजुराच्या मनात मात्र कदाचित पुढचा बाजारवार. म्हणून कामाचा प्रश्न निराळा काढून, ‘मागील काम संपल्यावर मजुरी किती दिवसांनी हाती आली?’ असे विचारावे, आणि छपाईपूर्वी भिली बोलणाऱ्या पाच-सात जणांना तो प्रश्न त्यांच्याच शब्दांत सांगावयास लावून, अर्थ कोठे बदलतो ते टिपून घ्यावे.