बाजार बंद, भाजी संपलेली: रात्रीची वरणफळं

मागच्या पावसाळ्यात आमच्या गावच्या ओढ्याला पाणी आलं आणि आठवडी बाजार बुडाला. किराणा दुकानाचं शटरही खाली. दोन दिवसांत घरातली भाजी संपली. उरलं काय, तर डब्यातली तूरडाळ, कणीक, कांदे-लसूण आणि मसाल्याचा डबा. एवढ्यात पाच माणसांचं रात्रीचं जेवण होतं, पोळी वेगळी लाटायला लागत नाही की भाजी लागत नाही. विदर्भाकडे याला वरणफळं म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात चकोल्या.

पाच जणांना दीड वाटी तूरडाळ आणि चार वाट्या कणीक घ्या. वाटी चहाच्या मोठ्या कपाएवढी. डाळ धुऊन अर्धा तास भिजवा, मग साडेचार वाट्या पाणी, हळद आणि थोडं तेल घालून शिजवा. चिंच किंवा आमसूल आता घालू नका. आंबट आधी पडलं की डाळ कडक राहते, मग कितीही सरपण जाळा. बोअरच्या जड पाण्यात आणि जुन्या डाळीच्या बाबतीतही हेच होतं, तेव्हा चिमूटभर खायचा सोडा घालावा. गॅस संपत आला असेल तर तुरीऐवजी मसूरडाळ घ्या, ती उघड्या पातेल्यात वीसेक मिनिटांत शिजते.

डाळ शिजतेय तोवर कणकेत मीठ, हळद, थोडं तिखट, हातावर चोळलेला ओवा आणि दोन चमचे तेल घालून घट्ट भिजवा. पुरीला भिजवतो तशी. सैल कणकेची फळं वरणात विरघळतात आणि सगळ्याची खळ होते. गोळा पंधरा मिनिटं झाकून ठेवा. त्याचे बारा गोळे करा, पोळीपेक्षा थोडं जाड लाटा आणि शंकरपाळ्यासारखे तुकडे कापा. तुकडे एकावर एक रचू नका, ताटात पीठ भुरभुरून पसरा. पावसाळी हवेत ते लगेच चिकटतात.

आता फोडणी. भाजी नाही म्हटल्यावर चव कांद्या-लसणातूनच यायची, म्हणून इथे घाई नको. दोन पळ्या तेलात मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेल्या दहा लसूण पाकळ्या आणि तीन मोठे कांदे उभे चिरून घाला. कांदा कडेनं लालसर होईपर्यंत परता. मग आच बारीक करून तिखट आणि घरचा काळा मसाला घाला, मोठ्या आचेवर तिखट जळून कडू होतं. लगेच घोटलेली डाळ आणि आठ वाट्या गरम पाणी ओता, चवीला मीठ टाका. पाणी जास्त वाटेल, पण फळं ते पिऊन घेतात. वरण आमटीपेक्षाही पातळच दिसायला हवं.

खळखळून उकळी आल्यावरच फळं सोडायची, तीही मूठ-मूठ, मधे एकदा ढवळून. उकळी नसताना टाकली की तळाशी एकच लगदा बसतो. सगळी सोडली की मध्यम आचेवर बारा-पंधरा मिनिटं शिजवा. एक फळ काढून मधोमध तोडून बघा. आत पांढरी रेघ दिसली तर अजून कच्चं आहे. शेवटी चिंचेचा कोळ आणि लिंबाएवढा गूळ घालून एक उकळी काढा. वाढायला उशीर झाला तर ते घट्ट होतं, तेव्हा गरम पाणीच घाला, गार नको.

वाढताना एक गोष्ट बघा, मी स्वतः अनेक वर्षं ही चूक केली. फळं तळाशी बसतात, म्हणून पहिल्या ताटांत पळीभर फळं जातात आणि शेवटी जेवणाऱ्या बाईला नुसतं पिवळं पाणी उरतं. बारा पोळ्यांची फळं आहेत, पाच माणसं आहेत, म्हणजे दोन पोळ्यांची फळं प्रत्येकाची आणि थोडी वर. आता मी माझं ताट आधीच वाढून झाकून ठेवते. सासूबाई पहिल्यांदा बघतच राहिल्या, मग त्यांनीही स्वतःचं ताट तसंच ठेवायला लावलं.

यातून पोट भरतं, डाळीतून ताकद मिळते, पण ताज्या भाजीची भरपाई होत नाही. म्हणून बाजार बंद होणार असं कळलं की त्याच रात्री दोन वाट्या मटकी भिजत घाला. सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवा. दुसऱ्या दिवशी मोड दिसतील. सुक्या मटकीत नसलेलं क जीवनसत्त्व मोडांत तयार होतं, फार शिजवलं तर तेही जातं. एका वाफेवर उतरवलेली मोडाची उसळ आणि भाकरी, हे तिसऱ्या दिवसाचं जेवण झालं.