चोवीस तारीख, संध्याकाळी पाच

महिन्याच्या वीस तारखेला माझं परिपत्रक निघायचं आणि तासाभरात चहाच्या मशीनपाशी त्याची थट्टा सुरू व्हायची. ‘मॅडमचा पगार आपल्या टाइमशीटवर अवलंबून असावा,’ असं एकदा मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. पुण्यातल्या सत्तरएक माणसांच्या एका इंजिनिअरिंग सल्लागार कंपनीत मी बरीच वर्षं ऑफिस सांभाळलं. त्या थट्टेत थोडं तथ्य होतं. फक्त माझा नाही, सगळ्यांचाच पगार अवलंबून होता.

लोकांना वाटतं, अ‍ॅडमिनच्या मनात आलं म्हणून चोवीस तारीख ठरली. प्रत्यक्षात ती शेवटाकडून उलटी मोजत आलेली असते. एका जुलैचंच घेऊ. ३१ तारीख शुक्रवारी होती आणि त्या दिवशी पगार खात्यात जमा व्हायचा होता. त्यासाठी बँकेत पाठवायची फाइल बुधवारी, २९ ला चढवावी लागे, कारण एकाने भरलेली फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याने मंजूर केल्याशिवाय बँक ती पुढे नेत नाही आणि आमचे दुसरे सहीवाले साहेब अर्धा महिना फिरतीवर असत. म्हणजे आकडे मंगळवारी पक्के हवेत. ते पक्के व्हायचे तर सोमवारी, २७ ला दुपारी पगारपत्रक बंद व्हायला हवं. त्याआधी प्रोजेक्ट मॅनेजरने आपापल्या माणसांचे तास आणि क्लेम तपासून मंजूर करायचे. मधले शनिवार-रविवार धरायचे नाहीत. राहिली शुक्रवारची संध्याकाळ, २४ तारीख. यात माझी म्हणून एकही तारीख नव्हती.

‘पण महिना तर ३१ ला संपतो, पुढच्या आठवड्याचे तास आत्ताच कसे भरू?’ हा प्रश्न दर महिन्याला यायचा आणि तो रास्त होता. उत्तर असं की पगारासाठी शेवटचे दिवस अंदाजाने धरतात. त्यात रजा निघाली तर पुढच्या महिन्यात वळती होते. ग्राहकाच्या बिलाला मात्र अंदाज चालत नाही. जिथे आम्ही तासांवर पैसे आकारायचो, तिथे ३१ च्या संध्याकाळी सहापर्यंत खरे तास लागायचे. ग्राहकाकडे बिल तीन तारखेच्या आत पोचायला हवं होतं आणि त्या वेळी एक-दोन ऑगस्ट म्हणजे शनिवार-रविवार. त्यामुळे परिपत्रकात दोन तारखा लिहाव्या लागतात आणि कोणती कशासाठी, हेही लिहावं लागतं. मी पहिली काही वर्षं एकच तारीख लिहीत होते. लोक ती अर्धी समजायचे आणि गोंधळाचा दोष मी त्यांनाच द्यायचे.

त्या जुलैत आमचा एक साइट इंजिनिअर सोमवारी नागपूरला गेला आणि गुरुवारी परतला. १४, १५, १६ असे पूर्ण तीन दिवस त्याने साइटवर काम केलं, पण टाइमशीटमध्ये ते तीन रकाने कोरे. बाराशे रुपये तासाचा दर धरला तर चोवीस तासांचे २८,८०० रुपये होतात. ते जुलैच्या बिलात आले नाहीत तर ऑगस्टच्या बिलात घालता येतात, नाही असं नाही. पण ग्राहकाचा माणूस विचारतो, ‘जुलै तर बंद झाला, हे कुठले तास?’ मग त्याच्या साइट मॅनेजरकडून वेगळी मंजुरी आणायची. आमच्या करारात बिल मिळाल्यापासून पंचेचाळीस दिवसांत पैसे देण्याची मुदत होती. बिल महिनाभर मागे गेलं की पैसेही महिनाभर मागे जातात. इंजिनिअरचा त्या दिवसांचा पगार मात्र ३१ ला निघून गेलेला असतो. आणि ग्राहकाची वर्क ऑर्डर जुलैतच संपत असेल, तर ते तास कुठल्या ऑर्डरवर टाकायचे याला उत्तरच उरत नाही.

कोऱ्या रकान्यांपेक्षा मला भरलेल्या रकान्यांची धास्ती जास्त वाटायची. शुक्रवारी साडेचारला बसून अख्खा महिना भरणाऱ्याची टाइमशीट लांबून ओळखू येते. वरपासून खालपर्यंत आठ, आठ, आठ. आदल्या आठवड्याची ओळ उचलून खाली चिकटवलेली. एकाने १५ ऑगस्टलाही आठ तास काम दाखवलं होतं; विचारल्यावर म्हणाला, ‘झेंडावंदनाला आलो होतो ना!’ यात लबाडी क्वचितच असते. तीन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी आपण काय केलं, ते कुणालाच आठवत नाही. मग माणूस आठवण्याऐवजी कॉपी करतो.

ही चूक सापडते ती टाइमशीट आणि क्लेम शेजारी ठेवले की. दोन्ही कागद एकाच माणसाचे, एकाच तारखांचे, पण वेगवेगळ्या घाईत भरलेले. टाइमशीट म्हणते १५ तारखेला पुण्याच्या ऑफिसात आठ तास. क्लेममध्ये त्याच दिवसाची नागपुरातल्या टॅक्सीची पावती. दोन्ही खरे असू शकत नाहीत. गाडीने गेलेल्यांच्या बाबतीत तर फास्टॅगचा खातेउतारा पाहिला की कुठल्या नाक्यावर किती वाजता किती पैसे कापले गेले ते सगळं समोर येतं. टोलची चिठ्ठी हरवली ही सबब त्यामुळे आता निकालात निघाली आहे. म्हणून दोन्हींची मुदत एकच असलेली बरी. क्लेम दोन महिन्यांनी आला, तर ज्या टाइमशीटशी तो ताडून पाहायचा, तिचं बिल केव्हाच ग्राहकाकडे गेलेलं असतं.

आता क्लेमकडे येऊ. आमच्या नागपूरकराचं हॉटेलचं बिल असं होतं: खोलीभाडं रात्रीला ३,२००, तीन रात्रींचे ९,६००, त्यावर पाच टक्के जीएसटी म्हणजे ४८०, एकूण १०,०८०. त्याच्या हिशेबी बिल आहे, रक्कम बरोबर आहे, विषय संपला. माझं लक्ष मात्र बिलाच्या वरच्या कोपऱ्यात. तिथे त्याचं स्वतःचं नाव होतं. कंपनीचं नाव आणि जीएसटी क्रमांक नव्हता. तो क्रमांक असता तर हे ४८० रुपये कंपनीला आपल्या भरावयाच्या जीएसटीतून वजा करता आले असते. क्रमांक नसेल तर हॉटेल ही विक्री साध्या गिऱ्हाइकाला केल्याचं दाखवतं आणि आमच्या नावावर काहीच जमा दिसत नाही.

इथे पुन्हा तारखा आडव्या येतात. दर महिन्याला विवरण भरणारं हॉटेल जुलैची विक्री ११ ऑगस्टपर्यंत सरकारला कळवतं आणि १४ तारखेला ती आमच्या खात्यात उमटते. बिल माझ्या हातात २४ जुलैला आलं, तर हॉटेलला फोन करून नाव आणि क्रमांक बदलून घ्यायला अडीच आठवडे मिळतात आणि बहुतेक हॉटेलं आनंदाने बदलून देतात. तेच बिल सप्टेंबरात आलं तर हॉटेलच्या हिशेबनीसाला भरलेल्या विवरणात दुरुस्ती करावी लागते. चारशे ऐंशी रुपयांसाठी तो तरी ती का करील?

हाच इंजिनिअर इंदूरला गेला असता तर मी कोपऱ्याकडे पाहिलंही नसतं. हॉटेलचा कर ते ज्या राज्यात आहे त्या राज्याचा असतो. आमची नोंदणी फक्त महाराष्ट्रातली, त्यामुळे मध्य प्रदेशातल्या हॉटेलचा कर आम्हाला वजा करता येत नाही. बिलावर क्रमांक असो वा नसो. जेवणाचंही तसंच, त्यावरचा कर सहसा परत मिळत नाही. म्हणून ‘राहणं आणि जेवण वेगळं लिहून घ्या’ असं वाक्य माझ्या परिपत्रकात आलं. ते वाचून लोकांनी जेवणाची बिलं आणणंच बंद केलं, तेव्हा पुढच्या महिन्यात आणखी एक ओळ वाढवली.

आता पांढऱ्या पडणाऱ्या पावत्या. पेट्रोल पंपावर, टॅक्सीत मिळणारी चिठ्ठी शाईने छापलेली नसते. कागदावरच्या रसायनाच्या थराला उष्णतेने काळं केलेलं असतं. खिशात, पाकिटात, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये ती महिनाभर राहिली की अक्षरं विरत जातात. एक अतिशय नीटनेटके गृहस्थ सगळ्या पावत्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तारखेवार लावून आणायचे आणि त्यांच्याच पावत्या सगळ्यांत कोऱ्या निघायच्या. त्यांनी मग एक चिठ्ठी लॅमिनेट करून आणली. लॅमिनेशनच्या उष्णतेने ती संपूर्ण काळी झाली होती. मिळाल्या दिवशी मोबाइलवर फोटो काढावा, तारीख आणि रक्कम दिसते ना ते पाहावं. याहून सोपा उपाय मला सापडला नाही. पावतीच नसेल तर खर्च खरा असूनही कामाचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. मग कंपनीने ती रक्कम दिली तरी ती पगारात धरली जाण्याची आणि तिच्यावर कर कापला जाण्याची पाळी येते. आपल्याच खिशातून घातलेल्या पैशावर कर गेला की माणूस जे बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नसतं.

उशिरा येणाऱ्या क्लेमसाठी अकाउंट्सवाले अंदाजे रक्कम बाजूला धरतात, तिला प्रोव्हिजन म्हणतात. नागपूरच्या कामाला वीस हजार धरले आणि क्लेम एकतीस हजारांचा आला, तर जुलैत त्या कामात नफा दिसला तो खोटा होता, हे ऑगस्टमध्ये कळतं. मार्चमध्ये तर वर्षाचाच हिशेब बंद होतो, म्हणून मार्चचं परिपत्रक मी दहा तारखेलाच काढायचे.

परिपत्रकाच्या भाषेबद्दलही सांगायला हवं. ‘सर्वांनी प्रलंबित टाइमशीट व क्लेम त्वरित सादर करावेत, अन्यथा विचार केला जाणार नाही’ असं मी वर्षानुवर्षं लिहिलं. ‘सर्वांनी’ म्हटलं की ते आपल्यासाठी नाही, असं प्रत्येकाला वाटतं. ‘विचार केला जाणार नाही’ हे तर खोटंच होतं. विचार करावाच लागायचा. एकदा चिडून थकबाकीदारांची नावंच फलकावर लावली. कागद आले, पण ज्या मुलीचं नाव त्यात चुकून गेलं होतं ती सहा महिने माझ्याशी बोलली नाही. त्यानंतर सामायिक परिपत्रकात फक्त तारखा आणि कारणं ठेवली आणि ज्याचं काही राहिलंय त्याला वेगळी दोन ओळींची चिठ्ठी पाठवू लागले. त्या नागपूरकराला गेलेली अशी होती:

‘तुमच्या टाइमशीटमध्ये १४, १५, १६ जुलै कोरे आहेत. हॉटेलच्या बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक नाही. हॉटेलचा फोन नंबर द्या, मी बोलते. २४ ला पाचपर्यंत आलं तर ३१ ला पैसे खात्यात, नाहीतर ३१ ऑगस्टला.’

पंधरा मिनिटांत हॉटेलचा नंबर आला. तास भरायला मात्र शुक्रवारचे पावणेपाच वाजले. १६ तारखेपुढे त्याने सहाच तास लिहिले होते आणि शेरा होता, ‘दुपारनंतर पाऊस, साइट बंद’. मी ते सहा तसेच मंजुरीला पाठवले.