'मदत हवी आहे' एवढाच मेसेज आला तर

समजा, रात्री पावणेबाराला भाचीचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो, 'मावशी, मदत हवी आहे.' पुढे काहीच नाही. भाची पुण्याला वसतिगृहात, मावशी नाशिकला.

अशा वेळी बहुतेक जण लिहितात, 'काय झालं?' प्रश्न साधा वाटतो, पण ज्याला सगळं सांगणं जमलं असतं त्याने ते आधीच लिहिलं असतं. समोरचं माणूस आधी चाचपून बघतं, की पलीकडे कुणी जागं आहे का. त्याला लगेच सविस्तर हकीकत मागितली, की ते 'काही नाही गं, उद्या बोलू' म्हणून मोकळं होतं.

दुसरी चूक अंदाज बांधण्याची, आणि मला ती जास्त वाईट वाटते. 'किती पैसे पाठवू?' असं मावशीने प्रेमाने विचारलं, तर भाची पाचशे रुपये घेऊन गप्प बसेल. पैशाचं नाव काढणं सोपं असतं. कुणी रोज पाठलाग करतं, हे सांगणं सोपं नसतं.

उत्तर असं द्यावं : 'मी जागी आहे. तू आत्ता सुरक्षित आहेस का? नुसतं हो किंवा नाही लिही.' कुणीतरी आहे, हे पहिल्या वाक्यातच कळतं. प्रश्न एकच आहे आणि त्याचं उत्तर एका शब्दात, थरथरत्या बोटांनीही देता येतं. लगेच फोन मात्र लावू नये. धोका त्याच खोलीत असेल तर वाजणारा फोन तिला अडचणीत आणू शकतो, म्हणून आधी 'फोन करू का?' असं विचारावं.

उत्तर 'नाही' आलं, तर कारण बाजूला ठेवून ठिकाण विचारायचं. तातडीच्या सेवेचे फोन घेणारी माणसंही पत्ता आधी विचारतात, कारण मध्येच फोन तुटला तरी गाडी पाठवता येते. व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तास दाखवता येतं. तिला 8 तासांचं पाठवायला सांगावं. मग मावशीने स्वतः 112 लावावा. त्यासाठी आपण तिथे असण्याची गरज नाही. मुलगी पुण्यात आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावं, मग इमारत, मजला आणि नाव. रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात 108 आहे.

उत्तर 'हो' आलं, तर घाई संपली. आता निवडायला पर्याय द्यावेत : 'तब्येत, पैसे, कुणी त्रास देतंय, की मनाचं काही? आणि वेगळंच असेल तर तसं सांग.' हा शेवटचा तुकडा सोडू नये, नाहीतर पर्यायही अंदाजच ठरतात.

समजा तिने लिहिलं, 'मनाचं. आता नको वाटतं सगळं.' इथे उपदेश नको आणि परीक्षेचा विषयही नको. सरळ विचारावं, 'जीव द्यावासा वाटतोय का?' असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्यावर अनेकांना बोलायला वाट मिळते. 'हो' म्हणाली तर तिला एकटं ठेवू नये. मेसेज चालू ठेवून खोलीतल्या मैत्रिणीला किंवा रेक्टरना तिच्याजवळ बसवावं. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन 14416 वर चोवीस तास चालते. तिने काही करून घेतलं असेल किंवा करायच्या बेतात असेल, तर पुन्हा 112 किंवा 108.

तिने 'पैसे' लिहिलं, तर मात्र मेसेजवरचं बोलणं थांबवून तिच्या नेहमीच्या नंबरवर साधा फोन करावा. अकाउंट चोरून ओळखीच्यांकडे पैसे मागणारे भामटे सुरुवात नेमकी अशाच मोघम मेसेजने करतात. फोन टाळणं, अनोळखी यूपीआय आयडी देणं आणि 'पाचच मिनिटांत पाठव' असा तगादा लावणं, या त्यांच्या खुणा. पैसे गेलेच, तर 1930 वर लगेच कळवावं. ते पुढच्या खात्यातून निघून गेले, की अडवणं अवघड होतं.

आणि मावशीच्या उत्तराला उत्तरच आलं नाही तर? एकच टिक दिसत असेल तर मेसेज पोचलेलाच नाही. साधा एसएमएस करून बघावा. दोन टिक आहेत आणि तरी शांतता असेल, तर 'झोपली असेल' म्हणून सोडून देऊ नये. वसतिगृहात फोन करून खोलीवर कुणाला तरी पाठवावं. मुलं बाहेरगावी शिकत असतील, तर रेक्टरचा आणि खोलीतल्या एका मैत्रिणीचा किंवा मित्राचा नंबर आजच मागून घ्या.