सत्तर अक्षरांत पाणी बंद

कुठल्याही गृहनिर्माण सोसायटीच्या काचेच्या फलकात शोभेल अशी ही नोटीस पाहा:

‘सोसायटीच्या सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की, पाण्याच्या टाक्यांची वार्षिक साफसफाई करण्याचे काम हाती घेण्यात येणार असल्यामुळे रविवार दिनांक 15 जून रोजी सकाळी ठीक 9 वाजल्यापासून ते दुपारी 4 वाजेपर्यंत इमारत अ व ब मधील पाणीपुरवठा पूर्णपणे बंद ठेवण्यात येईल. तरी सभासदांनी आवश्यक तेवढा पाण्याचा साठा आदल्या दिवशी करून ठेवावा. पाणी पुन्हा सुरू झाल्यानंतर सुरुवातीला ते गढूळ येण्याची शक्यता असल्याने पहिली दहा मिनिटे पिण्यासाठी वापरू नये. इमारत क ला स्वतंत्र टाकी असल्याने तेथील पुरवठा नेहमीप्रमाणे सुरू राहील. होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. – सचिव’

व्याकरणात चूक नाही, माहितीही सगळी आहे. पण फलकावर जागा अर्ध्या कागदाएवढी असते आणि मोबाइलवर त्याहूनही कमी. मग सचिव कात्री घेतात, आणि ती बहुतेक वेळा खालून चालवतात. वरचे ‘सर्व सन्माननीय सभासदांना’ सहीसलामत राहते, कारण ते आधी आलेले असते आणि ते कापणे उद्धटपणाचे वाटते. खालची दोन वाक्ये जातात. नेमकी तीच वाक्ये अशी आहेत की जी कोणाला स्वतःहून सुचणार नाहीत. पाणी बंद म्हटल्यावर बादल्या भरून ठेवायला कोणाला सांगावे लागत नाही. पण चार वाजता नळ सोडून लगेच पेला भरू नये, हे सांगावेच लागते. क इमारतीतली मंडळी मात्र उगाच पिंपे भरत बसतात.

म्हणून शब्द कापायला बसण्याआधी मजकुरातल्या गोष्टी वेगळ्या काढायच्या. कागदावर उभ्या लिहिल्या तरी पुरे: काय बंद, कुठे, कोणत्या दिवशी, किती ते किती, का, आधी काय करायचे, नंतर काय टाळायचे, कोणाला लागू नाही, कोण सांगते आहे. आता मूळ नोटीस बाजूला ठेवायची आणि या यादीवरून नवी लिहायची. जुन्या वाक्यातले शब्द खोडत बसले की वाक्याचा सांगाडा तसाच राहतो, आणि मराठी नोटिशीत जागा खातो तो सांगाडाच. ‘साफसफाई करण्याचे काम हाती घेण्यात येणार असल्यामुळे’ यात बातमी एवढीच, की टाकी साफ करायची आहे. ‘बंद ठेवण्यात येईल’ याचे ‘बंद’ केले तर काहीही हरवत नाही. सरकारी पत्रांतून आलेली ही ‘-ण्यात येत आहे’ची सवय फलकावर सोडून द्यावी. ‘ठेवावा’ऐवजी ‘ठेवा’, ‘वापरू नये’ऐवजी ‘पिऊ नका’ लिहिले तरी आदर तसाच राहतो. ‘नका’ आदरार्थीच आहे.

फलकासाठी मग एवढे उरते:

रविवार 15 जून
सकाळी 9 ते दुपारी 4
अ आणि ब इमारतीत पाणी बंद
(टाकी सफाई. क मध्ये पाणी सुरू.)
शनिवारी पाणी भरून ठेवा.
पाणी आल्यावर पहिली 10 मिनिटे पिऊ नका.
– सचिव, 12 जून

इथे ‘आदल्या दिवशी’चा ‘शनिवारी’ झाला, कारण वाचणाऱ्याने मनात वजाबाकी करायची नसते. वार आणि तारीख दोन्ही ठेवली, ती चैन म्हणून नव्हे. तारीख लिहिताना हात घसरला तर वाराशी जुळत नाही आणि चूक कोणाच्या तरी लक्षात येते. खाली नोटीस लावल्याची तारीखही हवी. ‘उद्या पाणी बंद’ असा कागद काचेआड आठवडाभर राहतो आणि रोज नवा उद्या दाखवतो.

एसएमएसचे गणित निराळे आहे. एका संदेशात 140 बाइट मावतात. रोमन अक्षराला सात बिट लागतात, म्हणून इंग्रजीत 160 अक्षरे बसतात; देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला दोन बाइट, म्हणून मराठीत फक्त 70. शिवाय ‘अक्षर’ म्हणजे आपण डोळ्यांनी मोजतो ते नव्हे. काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण, सगळे वेगळे मोजले जाते. ‘क्षमस्व’ दिसायला तीन अक्षरे, पण मोजणीत सात. ‘सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की’ एवढ्यातच जागांसकट 42 जातात; पाण्याचे नाव निघण्याआधी निम्म्याहून जास्त संदेश संपलेला. रोमन लिपीत लिहून पळवाट काढणाऱ्यांनीही जपावे: 160 अक्षरांच्या मजकुरात एक देवनागरी अक्षर किंवा रुपयाचे ₹ हे चिन्ह आले, की पूर्ण संदेशाची मर्यादा 70 वर येते.

मजकूर 70 च्या पुढे गेला तर तो तुटून दोन संदेश होतात आणि मोबाइल ते जोडून दाखवतो. जोडणीची खूणही त्याच जागेतून जाते, म्हणून प्रत्येक तुकड्यात 67 उरतात, दोहोंत मिळून 134. घाऊक एसएमएस पाठवणाऱ्याला बिल तुकड्यांवर लागते. दोन तुकड्यांत आपली नोटीस अशी बसते:

‘रवि. 15 जून, सकाळी 9 ते दुपारी 4: अ, ब इमारतीत पाणी बंद, क मध्ये सुरू. शनिवारी भरून ठेवा. पाणी आल्यावर पहिली 10 मिनिटे पिऊ नका. सचिव’

हे 132 भरते. कारण गेले. टाकीची सफाई कळली नाही तरी कोणाचे अडत नाही, आणि फलकावर ते लिहिलेलेच आहे. ‘सकाळी’, ‘दुपारी’ मात्र कापले नाहीत. ‘9 ते 4’ला रात्रीचे नऊ समजणारा एकजण तरी निघतोच. ‘पाणी आल्यावर’मधले ‘पाणी’ही मोह होऊनसुद्धा ठेवले. नाहीतर ‘आल्यावर’ म्हणजे घरी आल्यावर, असे वाचणे शक्य आहे.

आणि एकाच संदेशात, म्हणजे 70 मध्ये बसवायचे असेल तर? तिथे शब्दांवरची कात्री अपुरी पडते. पाठवायचे कोणाला, हेच आधी ठरवावे लागते. क इमारतीचे क्रमांक यादीतून वगळले, की इमारतींची नावे लिहायची गरजच उरत नाही. सचिवांनी स्वतःच्या फोनवरून पाठवले, की सहीचीही उरत नाही:

‘रवि. 15 जून सकाळी 9 ते दुपारी 4 पाणी बंद. आल्यावर 10 मिनिटे पिऊ नका.’

हे 68 आहे. ‘भरून ठेवा’ गेले, ते मघाशी म्हटल्याप्रमाणे आपसूक सुचते म्हणून. ‘आल्यावर’ इथे ‘पाणी बंद’च्या लगेच मागे येते, त्यामुळे घोळ होत नाही. आदल्या मजकुरात मध्ये ‘भरून ठेवा’ होते, म्हणून तिथे ‘पाणी’ पुन्हा लिहावे लागले होते. यापेक्षा जास्त कापण्याच्या फंदात मी पडणार नाही. आता जे जाईल ते कोणाच्या तरी पोटावर बेतेल.

पाठवण्याआधी ही ओळ ज्याला या कामाची काहीच कल्पना नाही अशा एखाद्याला, वॉचमनला म्हणा, वाचायला द्या आणि विचारा: पाणी कधी जाणार, कधी येणार, आल्यावर काय करायचे नाही? उत्तर देताना तो जिथे अडखळेल, तिथला कापलेला शब्द परत घाला, भले दुसऱ्या संदेशाचे पैसे पडोत.