कळवळा की सुटका?

जत्रेच्या किंवा गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या फलकावर नावांच्या रांगेत एखादी ओळ नुसती ‘गुप्तदान’ अशी असते. वाचणारे आधी ते कोणी दिलं असेल याचा अंदाज बांधतात आणि मग कुणीतरी म्हणतोच, ‘नाव नको असेल, पण पुण्य हवंच आहे ना?’ पुण्य नको म्हणणाऱ्यालाही सोडत नाहीत. त्याला म्हणे मनाचं समाधान हवं असतं. माणसाने काहीही केलं तरी त्याच्या तळाशी स्वार्थ दाखवता येतो, असा हा पवित्रा आहे. तो बिनतोड वाटतो, कारण त्याला उत्तर द्यायला माणसाच्या मनात शिरावं लागेल.

सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज याच मताचा मानला जातो. जॉन ऑब्री या त्याच्या चरित्रकाराने एक प्रसंग नोंदवला आहे. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर हॉब्जने एका म्हाताऱ्या, गलितगात्र भिकाऱ्याला पैसे दिले. शेजारच्या धर्मोपदेशकाने विचारलं, ख्रिस्ताची आज्ञा नसती तर दिले असते का? हॉब्ज म्हणाला, दिले असते, कारण त्याचे हाल बघून मलाच त्रास होत होता आणि माझ्या दानाने त्याच्याबरोबर मलाही बरं वाटलं.

हे उत्तर प्रांजळ आहे, पण त्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. मदत केल्यावर बरं वाटतं, हे कुणीच नाकारत नाही. प्रश्न असा की ते बरं वाटणं हाच हेतू होता, की हेतू समोरच्याचं दुःख हलकं करण्याचा होता आणि बरं वाटणं मागोमाग आलं? जोसेफ बटलर या बिशपने १७२६ साली छापलेल्या प्रवचनांत हे बोट नेमकं ठेवलं होतं. समोरच्याचं भलं व्हावं असं आधी वाटत असेल, तरच ते झाल्यावर आनंद होईल. ज्याला त्याचं काही पडलेलंच नाही त्याला आनंद तरी कशाचा? तेव्हा आनंद झाला एवढ्यावरून स्वार्थ सिद्ध होत नाही. मात्र बटलरच्या युक्तिवादाने निःस्वार्थही सिद्ध होत नाही. फक्त दार उघडं राहतं.

त्या दारातून आत जायची युक्ती अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या डॅनियल बॅट्सन या मानसशास्त्रज्ञाने काढली. मला तिचं कौतुक वाटतं ते तिच्या साधेपणामुळे. हेतू डोळ्यांना दिसत नाही हे त्याने मान्य केलं आणि विचारलं, हेतू वेगळा असेल तर माणूस कुठे वेगळं वागेल? मला दुसऱ्याचे हाल बघवत नाहीत म्हणून मी मदत करत असेन, तर माझ्यापुढे दोन वाटा असतात: हाल थांबवणं किंवा तिथून निघून जाणं. निघून जाणं स्वस्त असेल तर मी तेच करीन. पण मला खरोखर त्या माणसाचं भलं हवं असेल, तर निघून जाऊन काहीच साधत नाही, कारण माझी पाठ वळली तरी त्याचे हाल चालूच राहतात. म्हणजे पळवाट सोपी करून बघायची आणि कोण थांबतं ते मोजायचं.

१९८१ साली बॅट्सन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मानसशास्त्राच्या वर्गातल्या ४४ विद्यार्थिनी होत्या. प्रत्येकीला सांगितलं गेलं की आणखी एक मुलगी, इलेन, येणार आहे; एकीने काम करायचं आणि दुसरीने तिचं निरीक्षण. चिठ्ठ्या टाकल्या जात, पण त्या आधीच ठरवलेल्या असत, त्यामुळे निरीक्षण नेहमी आलेल्या मुलीच्याच वाट्याला येई. इलेन शेजारच्या खोलीत आहे आणि टीव्हीवर दिसते आहे अशी समजूत करून दिलेली असे. प्रत्यक्षात ते आधी केलेलं चित्रीकरण होतं. इलेनला आकडे लक्षात ठेवायचे होते आणि मधूनमधून विजेचे सौम्य धक्के बसणार होते. असे जास्तीत जास्त १० टप्पे.

पहिल्या दोन टप्प्यांतच इलेन कासावीस झालेली दिसते. मार्था नावाची साहाय्यक तिची विचारपूस करते, तेव्हा ती सांगते की लहानपणी घोड्यावरून फेकली जाऊन ती विजेच्या कुंपणावर पडली होती. तेव्हापासून सौम्य धक्कासुद्धा तिला असह्य होऊ शकतो, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. तरी काम पुरं करायची तिची तयारी असते. मग मार्थाला सुचतं: निरीक्षण करणारी मुलगी जागा बदलायला तयार असेल तर? थोड्या वेळाने प्रयोग घेणारी व्यक्ती त्या मुलीकडे येते आणि विचारते.

आता यातली मेख बघा. निम्म्या मुलींना आधीच सांगितलं होतं की त्यांनी पहिले दोनच टप्पे पाहायचे आहेत. नाही म्हटलं की त्या सुटल्या. उरलेले धक्के इलेन खाईल, पण त्यांना ते बघावे लागणार नाहीत. बाकीच्या निम्म्यांना शेवटपर्यंत बघत बसणं भाग होतं. दुसरा फरक कळवळ्याचा. प्रत्येक मुलीला इलेनने भरलेली म्हणून आवडीनिवडी आणि मूल्यांची एक प्रश्नावली वाचायला दिली होती. काहींच्या हाती आलेली उत्तरं त्यांच्या स्वतःच्या उत्तरांशी जुळणारी होती, काहींच्या हाती अगदी उलट. आपल्यासारख्या माणसाबद्दल जास्त वाटतं, एवढाच त्यामागचा विचार.

असे अकरा-अकरा जणींचे चार गट झाले. इलेन परकी वाटली आणि पळवाट सोपी होती, तिथे धक्के स्वतःवर घ्यायला तयार झाल्या फक्त १८ टक्के, म्हणजे अकरांतल्या दोघी. तितकीच परकी इलेन, पण शेवटपर्यंत बघणं भाग, तर ६४ टक्के. ही सरळ हॉब्जची माणसं: बघवत नाही म्हणून मदत, बघावं लागणार नसेल तर रामराम. इलेन आपल्यासारखी वाटली तिथे चित्र पालटलं. शेवटपर्यंत बघायचं होतं त्यांच्यात ८२ टक्के तयार झाल्या आणि सहज सुटता येत होतं त्यांच्यात ९१ टक्के. दार उघडं असूनही अकरांतल्या दहा जणी तिथेच थांबल्या.

यावर ‘बघा, माणूस निःस्वार्थी असतो’ असं म्हणून मोकळं व्हायची घाई नको. या प्रयोगाने एवढंच दाखवलं की कळवळ्याने केलेली मदत म्हणजे समोरच्या दृश्यापासून सुटका नव्हे. पण स्वार्थाची एकच जात थोडीच असते? ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचे रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दुसरी जात पुढे केली. त्यांचं म्हणणं असं: कळवळा आला की माणूस खिन्न होतो आणि ती खिन्नता खोलीबाहेर पडल्याने जात नाही, घरापर्यंत सोबत येते. मदत केली की मन हलकं होतं हे आपण लहानपणापासून शिकलेलो असतो. म्हणून मदत हा स्वतःच्या खिन्नतेवरचा इलाज.

त्यांनी ते तपासलं तेही मजेशीर रीतीने. काही जणांना एक गोळी दिली आणि सांगितलं, हिच्यामुळे तुमची आत्ताची मनःस्थिती थोडा वेळ आहे तशीच गोठून राहील. गोळीत काहीच नव्हतं. पण ज्याने विश्वास ठेवला त्याच्या दृष्टीने मदत करूनही मन हलकं होणार नव्हतं, मग मदत कशाला? आणि खरोखरच कळवळा आलेल्यांची मदत घटलेली दिसली. बॅट्सनच्या बाजूला हा मोठा धक्का होता. पण पुढच्याच वर्षी श्रोडर, डोव्हिडिओ आणि सहकाऱ्यांनी तसाच गोळीचा प्रयोग केला, तेव्हा कळवळा आलेल्यांवर गोळीचा म्हणण्यासारखा परिणाम आढळला नाही. १९८९ साली बॅट्सनने वेगळ्या बाजूने बघितलं: लवकरच तुमचं मन प्रसन्न होणार आहे असं आधी सांगून ठेवलं तरी कळवळा आलेले लोक मदतीला तितकेच पुढे आले. खिन्नता आपोआप जाणार असताना इलाज कशासाठी करायचा?

मला सगळ्यांत बोलका वाटतो तो १९८८ सालचा एक निकाल. त्यात समोरच्याचं संकट कधी सहभागी व्यक्तीच्या मदतीने टळत होतं, तर कधी तिने काही करण्याआधी आपोआप. मदत करण्याचा मान, शाबासकी किंवा समाधान हवं असेल, तर संधी हुकल्यावर हळहळ वाटायला हवी. पण कळवळा आलेल्यांचं मन दोन्ही वेळा सारखंच हलकं झालं. संकट कोणी टाळलं याला महत्त्व नव्हतं, टळलं याला होतं. फलकावर ‘गुप्तदान’ लिहिणाऱ्यावर शंका घेणाऱ्यांना हीच कसोटी लावून बघता येईल: त्याच्याआधी दुसऱ्याच कुणी तो खर्च भागवला असता, तर त्याला बरं वाटलं असतं की चुकचुकल्यासारखं झालं असतं?

चाल्डिनींनी १९९७ मध्ये आणखी एक हरकत घेतली. कळवळा येतो तिथे ‘मी’ आणि ‘तो’ यांतली रेघच पुसट होते, मग दुसऱ्यासाठी केलं असं म्हणण्याला अर्थ काय? आईने लेकरासाठी केलेलं आठवलं की हे पटतं. बॅट्सनच्या प्रयोगांत मात्र अनोळखी माणसाबद्दल कळवळा येण्यासाठी रेघ पुसली जाण्याची गरज दिसली नाही. हा वाद पुरता मिटलेला नाही.

या सगळ्या डोलाऱ्याचे वासेही तपासायला हवेत. ४४ जणी म्हणजे आजच्या मापाने फार थोड्या, आणि एका गटात अकरा जणी असल्या की एकीने मत बदललं तरी टक्केवारी नऊने हलते. त्या सगळ्या अमेरिकन विद्यार्थिनी होत्या. नंतरच्या अनेक प्रयोगांत कळवळा जागवण्यासाठी काहींना ‘तिला काय वाटत असेल याची कल्पना करा’ असं सांगत आणि काहींना ‘तटस्थ राहून ऐका’ असं. २०२० च्या सुमारास अशा प्रयोगांची एकत्र पाहणी झाली तेव्हा दिसलं की, कल्पना करायला सांगितल्याने कळवळा विशेष वाढत नाही, तटस्थ राहायला सांगितल्याने तो घटतो. एका अर्थी ही माणसाबद्दलची चांगली बातमी आहे, पण प्रयोग करणाऱ्यांना वाटलं होतं त्याच्या ती नेमकी उलट आहे.

शिवाय स्वार्थाचे नवनवे प्रकार सुचवणं कधी संपणारच नाही. त्याला इलाज नाही. माझ्या मते ओझं आता दुसऱ्या बाजूवर आहे. ज्याला स्वार्थ दिसतो त्याने कोणता ते सांगावं आणि तो नसता तर माणूस कसा वेगळा वागला असता तेही सांगावं. ते सांगता येत नसेल तर त्याचं म्हणणं चुकीचं ठरवता येणार नाही, पण त्यातून काही कळणारही नाही.

आता मदत करणाऱ्याचा हेतू शुद्ध निघाला, असं धरून चाला. तरी मदत बरोबर झाली असं होत नाही, आणि हे दाखवणाराही बॅट्सनच होता. १९९५ सालच्या त्याच्या प्रयोगात शेरी समर्स नावाच्या दहा वर्षांच्या मुलीची हकीकत होती. तिला असाध्य आजार आहे, महागडं औषध मिळालं तर उरलेले दिवस सुसह्य होतील, पण प्रतीक्षायादीत तिच्या पुढे इतर मुलं आहेत. त्यांतल्या काहींना औषधाची गरज जास्त आहे किंवा त्यांचं आयुष्य कमी उरलं आहे. सहभागी व्यक्तीला शेरीला यादीत वर आणायची मुभा दिली. तटस्थपणे तिची मुलाखत ऐकलेल्यांपैकी ३३ टक्क्यांनी तिला वर आणलं, तिच्या भावना मनात आणून ऐकलेल्यांपैकी ७३ टक्क्यांनी. त्यांतल्या कुणालाच यातून काही मिळणार नव्हतं. ज्या मुलांना त्यांनी मागे ढकललं त्यांचा आवाज मात्र कुणी ऐकला नव्हता.