दाढीची कड फोटोत नीट करताना

लग्नाच्या बायोडेटासाठी काढलेला एक फोटो घेऊ. मुलाने दाढी ठेवली आहे, ती कोरूनही घेतली आहे. पण फोटो काढायला दोन दिवस उशीर झाला. गालावर कोरलेल्या रेघेच्या वर खुंट उगवले आहेत, जबड्याखाली मानेवरही तेच. आणि ओठाच्या डाव्या कोपऱ्याखाली मुळातच केस विरळ, तिथली कातडी मोकळी दिसते. समोरासमोर बोलताना हे कुणाच्या लक्षातही येत नाही. फोटोत मात्र नजर नेमकी तिथेच जाते.

आधी थोडा हिशोब करावा. डोक्याची उंची साधारण २३ सेंटिमीटर. फोटोत ती २,३०० पिक्सेलमध्ये आली असेल, तर एका मिलिमीटरला १० पिक्सेल मिळतात. दाढीचा केस सुमारे एक दशांश मिलिमीटर जाड, म्हणजे फोटोत जेमतेम एक पिक्सेल. दोन दिवसांचा खुंट पाच-सात पिक्सेल लांब. म्हणून तो पुसायला १२ ते १५ पिक्सेलचा ब्रश पुरतो. घाईत शंभरचा ब्रश फिरवला की केसांबरोबर कातडीची छिद्रंही जातात आणि गाल प्लॅस्टिकचा दिसू लागतो.

फोटोशॉपमध्ये मूळ चित्रावर थेट हात चालवू नये. वर एक रिकामा लेअर घ्यावा आणि Sample पुढे Current & Below निवडावं. केलेली दुरुस्ती त्या वेगळ्या लेअरवर राहते. नाही आवडली तर तेवढीच खोडता येते.

गालाच्या मध्यावर सुटे पडलेले खुंट Healing Brush ने सहज जातात. Alt दाबून शेजारच्या स्वच्छ कातडीवर क्लिक करायचं आणि एकेक खुंट टिपत जायचं. हेच हत्यार दाढीच्या कडेला नेलं की घोटाळा होतो. Healing Brush पोत घेतो निवडलेल्या जागेचा, पण रंग आणि उजेड जुळवतो जिथे रंगवतो तिथल्या आजूबाजूशी. आजूबाजूला काळी दाढी असेल तर तो काळेपणा कातडीत झिरपतो आणि कडेला राखाडी डाग उमटतो. असा डाग दिसला की तोच ब्रश पुन्हापुन्हा घासण्यात अर्थ नाही, तो पसरतच जातो.

कडेला Clone Stamp घ्यावा. वरच्या पट्टीत Mode मध्ये Lighten निवडावं आणि Opacity तीस-चाळीस टक्क्यांवर आणावी. या मोडमध्ये ब्रश फक्त नमुन्यापेक्षा गडद असलेले पिक्सेल उजळतो, बाकीच्यांना हात लावत नाही. त्यामुळे खुंट विरतात आणि मधली कातडी जशीच्या तशी राहते. नमुना मात्र अगदी जवळचा, तेवढ्याच उजेडातला घ्यावा. गालफडावरची चकाकी जबड्याखाली आणून ठेवली तर तिथे पांढुरका ठिपका पडतो. गिंपमध्येही हीच सोय आहे, तिथे मोडचं नाव Lighten only.

आता खरी परीक्षा, म्हणजे कड किती साफ करायची. पट्टीने आखल्यासारखी रेघ केली की दाढी चिकटवलेली वाटते, नाटकातल्या पात्राची असते तशी. वस्तऱ्याने कोरलेल्या दाढीतही शेवटचे दोन-तीन मिलिमीटर केस विरळ होत जातात. म्हणून रेघेपासून दूरचे खुंट पूर्ण काढावेत, जवळचे निम्मे ठेवावेत आणि अगदी कडेवरच्यांना हात लावू नये. मानेवर तर याहून कमी. तिथे खुंटांमागे निळसर करडी छटा असते. नुसते केस काढले तरी ती मागे उरतेच. त्यासाठी नवा लेअर घेऊन त्याचा मोड Color करावा आणि शेजारच्या कातडीचा रंग मऊ ब्रशने दहा-पंधरा टक्केच द्यावा.

ओठाखालची मोकळी जागा भरताना काळा रंग फासणं ही हमखास होणारी चूक. दाढी एका रंगाची नसते. त्यात तपकिरी, करडे, उजेडात जवळजवळ सोनेरी दिसणारे केसही असतात. दाढीतूनच तीन-चार छटा उचलाव्यात आणि एक-दोन पिक्सेलच्या ब्रशने, पेन टॅब्लेट असेल तर टोकाकडे दाब कमी करत, सुटे केस काढावेत. दिशा शेजारच्या केसांची, लांबी थोडी कमीजास्त. जागा सगळी भरू नये. मधून कातडी दिसू द्यावी. माझं विचाराल तर बायोडेटाच्या फोटोत ही जागा भरूच नये. मुलीकडची मंडळी मुलाला प्रत्यक्ष बघणारच आहेत.

काम १०० टक्के झूमवर करावं, पण निकाल चित्र लहान करून बघावा. मग चित्र आडवं उलटवावं. डावी-उजवी बाजू बदलली की जिथे हात जास्त फिरला ती जागा लगेच खटकते.

यातलं काहीही अमेरिकी व्हिसाच्या फोटोवर करू नका. तिथे चेहऱ्यात फेरफार केलेला फोटो चालत नाही. त्यासाठी आधी दाढी करा, मग फोटो काढा.